आठवडा आवळला, दिवस कुणाचा फुगला?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात मुकुटबनला आमच्या मंडळाची बैठक होती, तेव्हा एक परिचारिका पर्समधून घडी घातलेला कागद काढून म्हणाली, “ताई, हे जरा वाचून सांगा. सुट्टी भेटून राह्यली म्हणते, पण मले काहून भेव वाटते?”

ती ज्या संस्थेत काम करते ती आमच्या तालुक्यातली नाही. संस्थेचं रुग्णालय आहे, वसतिगृह आहे, कार्यालय आहे. कागद म्हणजे तिथल्या फलकावर लावलेल्या सूचनेची प्रत. ‘प्रायोगिक तत्त्वावर कॉम्प्रेस्ड वीक’ असं वर ठळक अक्षरांत. खाली चारच ओळी. कर्मचाऱ्यांनी चार दिवस सकाळी ८ ते रात्री ८.३० काम करावं, मधे अर्धा तास जेवणाचा, आणि तीन दिवस सुट्टी घ्यावी. पाळीतल्या कर्मचाऱ्यांना योजना ‘सोयीनुसार’ लागू होईल. प्रयोग ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ चालेल. यशस्वी झाल्यास तो कायम करण्यात येईल.

बैठकीत आधी टाळ्याच पडल्या. तीन दिवस सुट्टी! मग कुणीतरी विचारलं की यशस्वी झाला हे ठरवणार कोण, आणि नाही झाला तर? कागद पुन्हा पुन्हा वाचूनही उत्तर मिळेना. त्या चार ओळींत नसलेल्या गोष्टींबद्दलच मला इथे भांडायचं आहे. हा प्रकार एका संस्थेपुरता राहणार नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास तेच राहणार, म्हणून घाबरू नका, असं सांगितलं गेलं. पण बाईचं आयुष्य आठवड्याच्या हिशेबाने चालत नाही. पोळ्या रोज लाटाव्या लागतात, शनिवारी एकदम सहा दिवसांच्या लाटून ठेवता येत नाहीत.

याची रंगीत तालीम आपल्या राज्यात होऊन गेली आहे, आणि ती सरकारनेच केली. १२ फेब्रुवारी २०२० रोजी मंत्रिमंडळाने शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा जाहीर केला आणि २९ फेब्रुवारीपासून तो लागू झाला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असायचा. आता सगळे शनिवार सुट्टीचे झाले. मी तेव्हा आनंदाने पेढे खाल्ले होते, हे कबूल करते. हिशेब नंतर मांडला.

हिशेब सरकारने स्वतःच दिला होता, आपण वाचला नाही एवढंच. आधी वर्षाला सरासरी २८८ दिवस काम होतं, दिवसाला ७ तास १५ मिनिटं, म्हणजे वर्षाचे २०८८ तास. नंतर २६४ दिवस, दिवसाला ८ तास, म्हणजे २११२ तास. सरळ अर्थ असा की कर्मचाऱ्याला २४ शनिवार मिळाले, ते १७४ तासांचे. त्याबदल्यात तिने रोज पाऊण तास दिला, तो वर्षाचा झाला १९८ तास. सुट्टी भेट म्हणून मिळालेली नाही, विकत घेतलेली आहे, आणि तीही २४ तास जास्त मोजून. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. अनेकींना तो शनिवार हवा होता आणि आजही हवा आहे. पण सौदा आहे तर त्याला सौदा म्हणा.

पाऊण तास कुठून काढला तेही बघा. मुंबईबाहेरच्या कार्यालयांची वेळ आधी सकाळी १० ते संध्याकाळी ५.४५ अशी होती. ती झाली ९.४५ ते ६.१५. सकाळचा पाव तास म्हणजे डबा भरण्याची आणि मुलांना शाळेत धाडण्याची वेळ. संध्याकाळचा अर्धा तास म्हणजे एस.टी.ची वेळ. तालुक्याच्या ठिकाणाहून मुकुटबनसारख्या गावी परतणाऱ्या कारकून बाईला अर्ध्या तासाचा उशीर अर्ध्याच तासाचा पडत नाही. हातातली गाडी गेली की पुढची येईपर्यंत स्थानकावर बसायचं, आणि हिवाळ्यात अंधारात गावात शिरायचं. मोटारसायकलवाल्या साहेबाचा अर्धा तास मात्र अर्धाच तास राहतो. आणि शिपायांसाठी वेळ ठरली सकाळी ९.३० ते संध्याकाळी ६.३०. म्हणजे सगळ्यात कमी पगाराच्या माणसाचा दिवस सगळ्यात लांब. कुलूप उघडणारा आणि लावणारा कुणीतरी लागतोच ना!

आणि ज्यांना हा आठवडा मिळालाच नाही त्यांचं काय? शासकीय रुग्णालयं, पोलीस, तुरुंग, पाणीपुरवठा, अग्निशमन दल, सफाई कामगार, शाळा आणि महाविद्यालयं, कारखाने कायदा लागू असलेल्या आस्थापना, हे सगळे यादीबाहेर राहिले. दवाखाना शनिवारी बंद ठेवा असं कोण म्हणेल? पण दवाखाना उघडा ठेवणारीला बदल्यात काय, याचा एक शब्द मला त्या घोषणेत दिसला नाही. आशा आणि अंगणवाडी सेविका तर कर्मचारी या शब्दातच बसत नाहीत, त्यांना मानधन मिळतं. शनिवारी कार्यालय बंद असतं, लसीकरण आणि आहार बंद नसतो.

घोषणेत इंधन वाचेल, वीज वाचेल, कुटुंबाला वेळ मिळेल असं सांगितलं होतं. ते किती वाचलं तर योजना यशस्वी आणि कधी तपासणार, हे मला कुठे सापडलं नाही. आणि पुढच्या चार आठवड्यांच्या आत टाळेबंदी आली. आधीचं काय आणि नंतरचं काय, तुलना करायला काही उरलंच नाही. सुरू होण्यापूर्वी मोजमाप करून ठेवलं नाही तर असंच होतं. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचा अनुभव खरा.

आता त्या परिचारिकेच्या कागदाकडे येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायांची त्यातली रोजची सरासरी निघाली २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. यात नोकरी न करणाऱ्या बायाही आहेत, तेव्हा नोकरदार बाईचा आकडा थोडा कमी असेल. पण तो कमी होतो तेव्हा ते काम सासू किंवा थोरली मुलगी उचलते, घरातला पुरुष क्वचितच. सूचनेतला दिवस घ्या. सकाळी ८ ते रात्री ८.३० म्हणजे साडेबारा तास. जाण्यायेण्याचा दीड तास धरा. घरचे २८९ मिनिटं. बेरीज होते १८ तास ४९ मिनिटं. झोप, आंघोळ, जेवण आणि आजारपण या सगळ्यासाठी उरतात ५ तास ११ मिनिटं. असे चार दिवस लागोपाठ. आणि ‘सुट्टी’चे तीन दिवस कसे जाणार ते आपल्याला माहीत आहे. एक साचलेल्या धुण्याचा, एक दळणाचा आणि बँकेचा, एक माहेरच्या किंवा सासरच्या दुखण्याचा. ज्या घरात आतापर्यंत नवरा मुलीला शाळेतून आणत होता तिथे तो म्हणेल, आता तुला तीन दिवस मोकळे आहेत ना!

बैठकीत एक तरुण मुलगी माझ्याशी भांडली. ती एकटी राहते, दोन बसा बदलून कामावर जाते. तिचं म्हणणं, सहा वेळा जाण्याऐवजी चार वेळा गेले तर माझं भाडंही वाचतं आणि जीवही. तिचं खरं आहे. ज्या कामगार संघटनांनी जगभर चार दिवसांचा आठवडा मागितला त्याही मूर्ख नव्हेत. पण त्यांच्यातल्या बहुतेकींनी तास कमी करून मागितला आहे, तेवढेच तास चार दिवसांत कोंबून नव्हे. हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि एकाच नावाने विकले जातात. म्हणून सूचना आली की पहिला प्रश्न विचारायचा: तास घटले की नुसते सरकले?

पाळीतल्या बायांचं गणित तर आणखी फसवं आहे, कारण कागदावर ते अगदी नीट जुळतं. एक वॉर्ड घ्या, तिथे कोणत्याही वेळी दोन परिचारिका हव्यात. आठ तासांच्या तीन पाळ्या, सात दिवस, दोघी दोघी, म्हणजे आठवड्याला ४२ पाळ्या. प्रत्येकी सहा पाळ्या केल्या तर सात जणी लागतात. आता बारा तासांच्या दोन पाळ्या करा. आठवड्याला २८ पाळ्या, प्रत्येकी चार, म्हणजे पुन्हा सात जणीच. व्यवस्थापन म्हणणार, एकही जागा वाढवावी लागत नाही, शिवाय तुम्हाला तीन दिवस सुट्टी, तक्रार कसली?

तक्रार अशी, की सातपैकी एक आजारी पडते. आठ तासांच्या पाळीत ती आली नाही तर आधीच्या पाळीतली चार तास जास्त थांबते आणि पुढच्या पाळीतली चार तास लवकर येते. दोघींचा दिवस बारा तासांचा होतो, वाईट आहे पण निभतं. बारा तासांच्या पाळीत तसं थांबायला जागाच नाही. थांबली तर अठरा तास किंवा चोवीस. मग फोन जातो सुट्टीवर असलेलीला. तिची तीन दिवसांची सुट्टी ही खरी म्हणजे बदलीसाठी राखून ठेवलेली हजेरी असते, फक्त बिनपगारी. आमच्या परिचारिकेला ‘भेव’ वाटत होतं ते याचं, तिला ते शब्दांत सांगता येत नव्हतं एवढंच. बाळंतपणाची रजा, मुलांचे ताप, सणवार धरले तर सात जणींच्या वॉर्डात अशी पाळी महिन्यातून अनेकदा येणार. तेव्हा पाळीची न्याय्य व्यवस्था म्हणजे आठवी परिचारिका, आणि तिच्या पगाराची तरतूद प्रयोग सुरू होण्याआधी. ती नसेल तर तो प्रयोग नव्हे, काटकसर आहे.

दुसरं, पैसे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या हिशेबाने दिवसाला ९ तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर मिळायचा. समजा तासाला ६० रुपये मिळतात. चार दिवस बारा तास केले तर ३६ तासांचे २१६० आणि दुप्पट दराच्या १२ तासांचे १४४०, मिळून ३६००. मर्यादाच बारा तासांवर गेली आणि जादा काम बाराच्या पुढे मोजायला लागले, तर तेवढ्याच घामाचे २८८०. आठवड्याला ७२० रुपये गेले, आणि कुणी पगार कापला असं म्हणताही येणार नाही. म्हणून सूचनेत हे लिहून मागायचं, की जादा काम दिवसाच्या कितव्या तासापासून धरणार.

तिसरं, ज्यांना आठवडा आवळताच येत नाही त्या बाया. वसतिगृहात स्वयंपाक करणारी, झाडणारी, फाटकावर बसणारी. मुली काही चार दिवस जेवून तीन दिवस उपाशी राहत नाहीत. कार्यालय शुक्रवारी बंद झालं की शुक्रवारच्या चौकश्या, पाहुणे, टपाल हे सगळं फाटकावरच्या बाईकडे येतं आणि तिच्या पगारात काही येत नाही. कार्यालयाला सवलत द्यायची तर हिलाही तेवढ्याच मोलाचं काही द्यायला हवं. पंधरवड्याला एक भरपगारी दिवस, किंवा शुक्रवार-शनिवारचा वाढीव दर, आणि या वारांची पाळी सगळ्यांत फिरती. कंत्राटी बाई आणून ती पोकळी बुजवायची असेल तर मग सुट्टी एकीची आणि पिळवणूक दुसरीची, आणि दोघीही बायाच.

यशाचं मोजमाप काय असावं यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ वाद घातला. मालक मोजतो ते गैरहजेरी, वीजबिल, काम किती उरकलं. ते मोजू देत. पण आपलंही मोजलं गेलं पाहिजे. घरी किती वाजता पोचलात. किती तास झोपलात. मूल कुणाकडे ठेवलं आणि त्याचे किती पैसे गेले. सुट्टीच्या दिवशी किती वेळा बोलावलं. आणि वॉर्डात पाळीच्या शेवटच्या दोन तासांत औषधाच्या, नोंदीच्या किती चुका झाल्या किंवा होता होता राहिल्या. थकवा प्रथम तिथेच दिसतो, आणि चूक झाली की नाव परिचारिकेचं लागतं, वेळापत्रकाचं नाही. हे प्रयोगाआधी महिनाभर लिहून ठेवायचं, प्रयोगात लिहायचं, आणि बायांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पाळीवाल्यांचं वेगळं मांडायचं. सगळ्यांची एकच सरासरी काढली की कार्यालयातल्या साहेबाचा आराम आणि वॉर्डातल्या बाईचं जागरण मिळून ‘समाधानकारक’ असं उत्तर येतं. किती झोप घटली तर प्रयोग थांबवायचा तो आकडाही आधीच लिहून ठेवायचा. नंतर ठरवू म्हटलं की मालकाच्या सोयीचाच आकडा येतो.

परतीची वाट हा सगळ्यात नाजूक मुद्दा, आणि त्याबद्दल त्या सूचनेत अवाक्षर नाही. अमेरिकेतल्या युटा राज्याने ऑगस्ट २००८ मध्ये सुमारे सतरा हजार सरकारी कर्मचाऱ्यांचा आठवडा चार दिवसांचा केला, दिवसाला दहा तास. एका वर्षाचा प्रयोग असं म्हणूनच सुरुवात केली होती. वीज आणि खर्च किती वाचतो ते मोजलं. बचत सांगितली होती त्याहून बरीच कमी निघाली, शुक्रवारी दारं बंद म्हणून लोकही कुरकुरत होते. २०११ मध्ये विधिमंडळाच्या निर्णयाने पाच दिवसांचा आठवडा परत आला. निदान त्यांनी मोजलं आणि मोजलेलं मानलं, हे चांगलंच. पण तीन वर्षांत लोकांनी पाळणाघरं, प्रवास, शिक्षण सगळं चार दिवसांवर बसवलेलं असतं, आणि परत फिरणं वरच्या हुकमाने होतं. राज्याला परतायची वाट होती, एकेकट्या माणसाचं काय?

म्हणून आम्ही म्हणतो की वाटा दोन हव्यात. एक सगळ्यांची: सहा महिन्यांची तारीख घालायची, आणि त्या तारखेला कुणी काहीच ठरवलं नाही तर जुनी वेळ आपोआप परत यायची. ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ म्हणजे ती सूचना कधीच निघत नाही. दुसरी एकटीची: कुणाही बाईने कारण न सांगता लेखी कळवलं की पंधरा दिवसांत तिची जुनी पाळी तिला परत मिळायची. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना त्याच आठवड्यात. कारण सांगायला लावलं तर सासूचं दुखणं, नवऱ्याची दारू साहेबापुढे मांडावी लागते, आणि त्यापेक्षा बाया गप्प बसून बारा तास करतात. तिची जुनी जागा तोवर दुसऱ्या कुणाला कायमची द्यायची नाही.

कामाच्या वेळा किंवा पाळ्या बदलायच्या तर आधी सूचना द्यावी लागते, ही अट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती. २१ दिवसांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती राहिली आहे. जिथे हा कायदा लागू आहे तिथे हे २१ दिवस आपले आहेत. त्या दिवसांत बैठक घ्यायची, हात वर करून संमती द्यायची नाही. साहेब समोर उभा असताना कोण हात खाली ठेवील? चिठ्ठी टाकून मत द्यायचं आणि पाळीवाल्यांची पेटी वेगळी ठेवायची.

रविवारची सुट्टी तरी कुणी आपणहून दिली होती? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने २४ एप्रिल १८९० ला मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणी कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या होत्या. त्याच वर्षी १० जूनला गिरण्यांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. तेव्हा सुट्टी मागितली होती, तिच्या बदल्यात बाकीचे दिवस ताणायला कुणी कबूल झालं नव्हतं.

आम्ही त्या परिचारिकेसाठी एक पानी मसुदा केला. प्रयोगाची सुरुवात आणि शेवट या दोन्ही तारखा, आधीच्या महिन्याची नोंद, आठवी परिचारिका, स्वयंपाकघर आणि फाटकावरच्या बायांचा भरपगारी दिवस, जादा कामाचा तास, परतीच्या दोन्ही वाटा. खाली अकरा जणींच्या सह्या झाल्या. तीन जणी म्हणाल्या, घरी विचारून सांगतो. व्यवस्थापकांनी कागद ठेवून घेतला आहे आणि ‘बघू’ म्हटलं आहे. आठव्या परिचारिकेवर मात्र ते लगेच बोलले, पैसे नाहीत म्हणून.

पुढची बैठक आम्ही संध्याकाळी ठेवत होतो, तर कार्यालयातल्या दोघी म्हणाल्या, साडेसहाची बैठक आता आम्हाला जमत नाही, २०२० पासूनच जमत नाही, सांगितलं नव्हतं इतकंच. म्हणून रविवारी दुपारी दोनला ठेवली आहे. निवडायची तूर सोबत आणली तरी चालेल, असं ठरलं.